ऋणाचा नेमका उच्चार

महाराष्ट्राच्या खेड्यांत ज्यांच्या जन्माची नोंद घरी कोणी ठेवली नाही, अशा असंख्यांची जन्मतारीख १ जून आहे. कारण शाळा जूनमध्ये उघडत आणि मुलाचे वय पुरे भरावे म्हणून गुरुजीच दाखलखारीज रजिस्टरात ती तारीख मांडीत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे नियत वयोमान ५८ वर्षांचे, आणि पहिल्या तारखेस जन्मलेला सेवक आदल्या महिनाअखेरीस निवृत्त व्हावा असा नियम. सबब अशा शिक्षकाची सेवा ३१ मे रोजी, ऐन उन्हाळी सुटीत संपते. निरोपाच्या सभेस सहकारी असतात, अधिकारी असतात, शाल-श्रीफळही असते; ज्यांच्यासाठी सारी हयात वेचली ती मुले तेवढी नसतात.

माझ्या परिचयाच्या एका गुरुजींना हे मानवले नाही. १ मे रोजी ध्वजवंदन होऊन निकाल वाटले जातात, त्या सकाळी मुले व पालक समोर असतानाच त्यांनी आपले निरोपाचे भाषण केले. ‘सर्वांचे आभार’ हे शब्द त्यात नव्हते, आणि ते नव्हते हेच मला मोलाचे वाटते; कारण सर्वांना वाटलेले आभार कोणाच्याच पदरात पडत नाहीत. निवडणुकीच्या व जनगणनेच्या कामावर ते असताना ज्या सहकाऱ्याने चारही वर्ग एकट्याने सांभाळले, त्याचे ऋण त्यांनी प्रथम सांगितले. मग पोषण आहार शिजविणाऱ्या बाईंकडे वळून ते म्हणाले, “ताई, आपल्या वाटची खिचडी डब्यात भरून धाकट्या भावंडासाठी कोण नेते, हे तुम्ही मला सांगितलेत, नाहीतर त्या मुलाचे दुपारचे पेंगणे मी आळसाच्या खाती टाकले असते.”

सर्वांत अधिक वेळ त्यांनी दिला तो चौथीतल्या एका मुलीला. आदल्या वर्षी फळ्यावर ५२ वजा २७ चालले होते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाचातून एक घेतला, असे ते सांगत असता तिने विचारले, “गुरुजी, एक घेतला तर दोनाचे तीन व्हावेत, बारा कसे झाले?” गुरुजींनी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या मांडल्या, एका गठ्ठ्याचा दोरा सोडला, आणि बारा सुट्या काड्यांतून सात उचलून पाच ठेवल्या, उरलेल्या चार गठ्ठ्यांतले दोन गेले, दोन राहिले. उत्तर २५. “तेव्हापासून काड्यांवाचून हा पाठ मी घेतला नाही, तो कसा घ्यावा हे मला तू शिकविलेस,” असे ते भर सभेत तिला म्हणाले.

कृतज्ञता लहानाने थोरास अर्पावी, हा आपला रूढ शिरस्ता आहे. परंतु थोराने लहानाचे ऋण, ते कोणत्या दिवशी व कशापायी झाले यासह, चारचौघांत उच्चारले, तर आपली शंका हा उद्धटपणा नव्हता, तिने एका जाणत्या माणसाचे काम सुधारले, याची साक्ष त्या मुलाला आयुष्यभर पुरते; आणि मुलांना गप्प बसविण्यात शिस्त मानणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही ती ऐकावी लागते. सभा उठल्यावर दोन-तीन पालक पुढे आले आणि ती वजाबाकी काड्यांनी पुन्हा दाखवा म्हणाले. गुरुजींनी त्या मुलीलाच ती मांडावयास सांगितली.