रिकाम्या रकान्याची टक्केवारी

कोणत्या रकान्यात किती टक्के जागा रिकाम्या आहेत, हे पँडासमध्ये एका ओळीत कळते:

```
df.isna().mean().mul(100)
```

यापुढे बहुतेक जण एक मर्यादा ठरवतात, समजा 40 टक्के, आणि तिच्या वरचे रकाने काढून टाकतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील एम्स शहरात 2006 ते 2010 दरम्यान विकल्या गेलेल्या घरांची माहिती अनेकांनी शिकताना हाताळलेली असते. तिच्या 1460 घरांच्या सराव-संचाला हा नियम लावला, तर शेकोटीचा दर्जा सांगणारा `FireplaceQu` (47.3 टक्के रिकामा) बाद होतो आणि प्लॉटची रस्त्यालगतची लांबी सांगणारा `LotFrontage` (17.7 टक्के) टिकतो. पण शेकोट्यांची संख्या देणारा `Fireplaces` शेजारी ठेवला की दिसते, 690 घरांना शेकोटीच नाही आणि दर्जाच्या रिकाम्या जागाही नेमक्या 690 आहेत. मूळ नोंदीत तिथे `NA` लिहिले होते आणि सोबतच्या वर्णनपत्रात त्याचा अर्थ 'शेकोटी नाही' असा दिला होता. फाइल वाचताना पँडासने त्या अक्षरांनाच पोकळी मानले. म्हणजे निम्मा रिकामा दिसणारा रकाना पूर्ण भरलेला होता. खरी माहिती हरवली आहे ती `LotFrontage`मध्ये, कारण तिथल्या 259 कोऱ्या जागांचा खुलासा वर्णनपत्रात नाही.

पोहण्याच्या तलावाची गोष्ट याहून बोलकी आहे. तलावाचा दर्जा सांगणारा `PoolQC` 99.5 टक्के रिकामा आणि तलावाचे क्षेत्रफळ सांगणारा `PoolArea` शून्य टक्के. टक्केवारीचा नियम पहिला काढेल, दुसरा ठेवेल. वास्तविक क्षेत्रफळाच्या रकान्यात 1453 वेळा शून्यच आहे. तलाव सातच घरांना. दोन्हींतून किमतीबद्दल कळते ते जवळपास सारखेच, म्हणजे फार थोडे. `PoolQC` काढावा हे मलाही मान्य आहे, पण सात घरांवरून दर्जा आणि किमतीचा संबंध सांगता येत नाही म्हणून. रिकामेपण हे त्याचे कारण नव्हे.

शेकडो रकाने असतील तर एकेकाची चौकशी कोण करणार, हा आक्षेप रास्त आहे. तिथे टक्केवारीने चौकशीचा क्रम लावावा, निकाल देऊ नये. वर्णनपत्र नसले तरी एका रकान्याची पोकळी दुसऱ्यातल्या शून्याशी जुळते का, हे यंत्राकडून तपासून घेता येते. मग खरोखर हरवलेल्या माहितीला तरी ठरावीक मर्यादा असावी की नाही? तिथेही टक्का अपुराच पडतो. 60 टक्के रिकामा रकाना लाख नोंदींत 40 हजार उत्तरे देतो, पन्नास नोंदींत वीसच. शिवाय भरलेल्या नोंदी उरलेल्यांसारख्या नसतील, तर ती 40 हजार उत्तरेही दिशाभूल करतील.

अर्थात 'पोकळी म्हणजे नाही' हा अर्थही सरसकट लावता येत नाही. याच घरांच्या चाचणी-संचात सहा घरांना तलाव आहे, पण दर्जा तिघांचाच नोंदलेला आहे. उरलेल्या तीन घरांत 'तलाव नाही' असे भरले, तर बाजूलाच क्षेत्रफळाचा आकडा त्याला खोटे पाडतो.