नोकरी सोडली की सुटली?

उभाच राहा. बसलास की मान खाली घालतोस आणि मग तुला काही ऐकू येत नाही.

काल संध्याकाळी हे कागद माझ्या टेबलावर ठेवलेस आणि म्हणालास, ‘सर, एकदा नुसती नजर टाका, उद्या पाताळगंगेला कंपनीत द्यायचंय.’ नजर टाकली. आज काहीही द्यायचं नाही. लाल शाईनं पान भरलंय म्हणून तोंड वाकडं करू नकोस. शाई माझी होती, चुका तुझ्या.

आधी हे सांग, हा मराठी करार वाचणार कोण? कंपनीचा मॅनेजर? तो इंग्रजी वाचतो. त्याचा वकीलही इंग्रजीच वाचतो. मराठी वाचणार तो आयटीआय करून ऑपरेटर म्हणून लागलेला चौकचा नाहीतर मोहोपाड्याचा पोरगा. तो मराठी वाचून सही करतो, आणि बांधला जातो इंग्रजीला. तूच भाषांतर केलेलं २१ वं कलम काढ: दोन्ही प्रतींत तफावत आढळल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य धरली जाईल. तू या कलमाचा अर्थ काय लावलास, तर ‘शेवटी इंग्रजीच चालणार, मग मराठीत थोडं इकडंतिकडं झालं तर बिघडलं काय?’ अरे, याच कलमामुळे बिघडतं! तुझ्या चुकीचा भुर्दंड कंपनीला कधीच बसणार नाही, तो दर वेळी त्या पोरालाच बसेल. मराठीत एक वाचून त्यानं सही केलेली असेल आणि कोर्टात त्याच्यापुढं दुसरंच धरलं जाईल. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यानं कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार जिथून आत जातात त्या दाराजवळच्या फलकावर लावायला सांगितले, ते भिंत सजवायला नाही.

आता आकडे. मूळ करारात ९ व्या कलमाखाली फक्त ‘राखीव’ एवढंच आहे. तुला वाटलं, रिकामं कलम कशाला ठेवायचं? काढून टाकलंस. टाइप करताना संगणकाची आपोआप आकडे घालण्याची सोय चालू ठेवलीस, त्यामुळे १० चं झालं ९, ११ चं झालं १० आणि शेवटपर्यंत सगळा करार एक पायरी खाली घसरला. पण वाक्यांच्या पोटातले आकडे संगणकानं बदलले नाहीत, ते तू हातानं घातलेले. मूळ १४.३ म्हणतं की नोकरी संपल्यावर कर्मचाऱ्याचा हिशेब ३० दिवसांत चुकता होईल, पण ११.२ च्या अधीन राहून. मूळ ११.२ आहे कंपनीच्या वस्तू परत करण्याचं: ओळखपत्र, हेल्मेट, सेफ्टी शूज. तुझ्या प्रतीत ११.२ वर आता मूळचं १२.२ येऊन बसलंय, म्हणजे वार्षिक वैद्यकीय तपासणी. तुझा कामगार वाचणार की डॉक्टरनं तपासल्याशिवाय त्याचे शेवटचे पैसे मिळणार नाहीत. मूळ करारात असं कुठंही नाही. तू लिहिलंस, आणि तुला पत्ताही नाही.

मसुदा करणारा एखादं कलम गाळतो तेव्हा आकडा मुद्दाम शिल्लक ठेवतो, तो पुढचे सगळे संदर्भ जागेवर राहावेत म्हणून. ‘राखीव’ हासुद्धा मजकूर आहे. तो मराठीतही ‘९. राखीव’ असाच यायला हवा.

त्याहून मोठा घोळ अक्षरांचा. कलम ७ मध्ये पोटकलमं केलीस अ, ब, क, ड. कलम १३ मध्ये केलीस क, ख, ग, घ. दोन्ही पद्धती मराठीत चालतात, शाळेच्या प्रश्नपत्रिकेत एक आणि कायद्याच्या पुस्तकात दुसरी, हे मलाही ठाऊक आहे. पण एकाच करारात? एका पद्धतीत ‘क’ तिसरा, दुसरीत पहिला. पुढं कलम १६ म्हणतं, ‘७.४ (क) मध्ये नमूद केलेली रक्कम’. मुळात ती तिसरी बाब आहे, रात्रपाळीचा भत्ता. तेरावं कलम नुकतंच वाचून आलेला माणूस ‘क’ म्हणजे पहिली बाब धरेल, आणि तिथं आहे कॅन्टीनची कपात. मिळायच्या पैशाच्या जागी कापायचे पैसे! मूळ करारात इंग्रजी ए, बी, सी छापलेत ना? मग तेच छाप. रोमन आकडे असतील तर तेच राहू देत. कामगार आणि त्याच्या युनियनचा माणूस दोन्ही प्रती शेजारी ठेवून बोट फिरवतील, तेव्हा बोट एकाच ओळीवर पडलं पाहिजे. इथं तुझा भाषाभिमान नको. आणि आकडे सगळे हातानं घालायचे, ती आपोआपची सोय बंद करून.

पुढं चल. क्रियापदं. इंग्रजी मसुद्यात बंधन एका क्रियापदानं येतं आणि मुभा दुसऱ्यानं. आपल्या राज्याच्या कायद्यांच्या मराठीत बंधनाला ‘करील’ आणि मुभेला ‘करू शकेल’ किंवा ‘करता येईल’ अशी वहिवाट आहे. ती घे, माझी काही तक्रार नाही. पण मग ती मोडायची नाही. तू काय केलंस? कर्मचाऱ्यावरच्या बंधनाला एका पानावर ‘करील’, दुसऱ्यावर ‘करावे’, तिसऱ्यावर ‘करणे अपेक्षित आहे’. अपेक्षित आहे! लग्नाच्या पत्रिकेत उपस्थिती अपेक्षित असते. करारात एकतर बंधन असतं किंवा नसतं. एकच इंग्रजी रूप तीन तऱ्हांनी आलं की वाचणाऱ्याला वाटतं, ‘करावे’ म्हटलंय तिथं नाही केलं तरी चालेल.

बोनसच्या कलमात तर तू कंपनीलाच गोत्यात आणलंस. मूळ म्हणतं, वैधानिक बोनसखेरीज कामगिरीवर आधारित रक्कम कंपनी स्वतःच्या मर्जीनुसार देऊ शकेल. तू लिहिलंस, ‘कंपनी देईल’. दिवाळीला सगळी शिफ्ट हा कागद घेऊन गेटवर उभी राहील. उलट ८.६ बघ. ‘वाहनव्यवस्था पुरवण्याचे बंधन कंपनीवर राहणार नाही’ याचं केलंस ‘कंपनी वाहन पुरवणार नाही’. आज बस चालू आहे आणि करारात तू ती बंद करून टाकलीस. बंधन नसणं वेगळं आणि मनाई असणं वेगळं. दहावीच्या मुलाला कळतं हे.

आता जिथं मला खरा राग आला तिथं येतो. कलम ६.५, प्रशिक्षणाचा खर्च. मूळ असं आहे: रुजू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत कर्मचाऱ्यानं कंपनी सोडल्यास त्यानं प्रशिक्षणाचे ६०,००० रुपये परत करायचे. तू लिहिलंस, ‘दोन वर्षांच्या आत नोकरी संपुष्टात आल्यास’. वाचायला भारदस्त, सरकारी, छान! पण संपुष्टात आणली कुणी? समज, चौदाव्या महिन्यात ऑर्डर कमी झाल्या म्हणून कंपनीनंच पोराला घरी बसवलं. मूळ करारानुसार तो एक पैसा देणं लागत नाही. तुझ्या मराठीनुसार नोकरीही गेली आणि वर ६०,००० डोक्यावर. आणि तो ते घाबरून भरेल, कारण त्यानं मराठीच वाचलंय.

‘सोडणं’ या शब्दावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलेलं आहे, मी वर्गात सांगितलं होतं, तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास. सुपरिन्टेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई, १९८०. मुरगई कंपनीच्या नवी दिल्ली शाखेचे व्यवस्थापक. त्यांच्या करारात अट होती की कंपनी सोडल्यावर शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी दोन वर्षं तसाच धंदा करायचा नाही. १९७९ मध्ये कंपनीनंच त्यांना कामावरून कमी केलं, त्यांनी दिल्लीतच तसाच व्यवसाय थाटला, आणि कंपनी मनाई मागायला कोर्टात गेली. करार कायद्याचं कलम २७, म्हणजे धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल, हा प्रश्नही तिथं होता. पण न्यायमूर्ती तुळजापूरकरांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालानं तो बाजूला ठेवला आणि एवढंच पाहिलं की ‘सोडल्यावर’ म्हणजे काय. उत्तर आलं, माणूस आपणहून सोडतो तेव्हाच. त्याला काढलं तर ती अट त्याला लागू होत नाही. कंपनी हरली.

मराठीला यासाठी शब्द शोधावा लागत नाही. सोडणं आणि सुटणं. मोहोपाड्यात राहून हा फरक तुला मी सांगायचा? रसायनीचा हिंदुस्थान ऑर्गॅनिकचा कारखाना बंद करायचा निर्णय केंद्र सरकारनं २०१७ मध्ये घेतला, तेव्हा इथल्या घराघरात लोक हेच दोन शब्द नीट निवडून वापरत होते.

आणि जिथं मसुदाकार एकावर न थांबता तीन क्रियापदं देतो, तिथं तीनही द्यायची. आपल्या जवळचंच उदाहरण: कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनचा गोलिकरी खटला, १९६७. टायरच्या दोऱ्याच्या खात्यात पाच वर्षांच्या करारावर घेतलेला शिफ्ट सुपरवायझर मध्येच कोट्याच्या दुसऱ्या कारखान्यात गेला. करारात तीन गोष्टी होत्या: नोकरी सोडणं, कामावर येणं टाकून देणं आणि राजीनामा देणं. करारातल्या उरलेल्या मुदतीपुरती मनाई सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरली. तुझ्या हाती तो करार पडला असता तर तिन्हींची मिळून ‘सेवा समाप्ती’ केली असतीस.

शेवटचं. १५.२ कुठं आहे? नोकरी सोडल्यावर एक वर्ष स्पर्धक कंपनीत जायचं नाही, हे पोटकलम तू गाळलंस आणि समासात लिहिलंस, ‘कलम २७ मुळे टिकणार नाही’. टिकणार नाही हे बहुधा खरंही आहे. पण तुला न्यायाधीश कुणी नेमलं? कंपनी ती अट इंग्रजीत ठेवणार, कामगारानं मराठीत ती पाहिलेलीच नसणार, आणि तो शेजारच्या कंपनीत मुलाखतीला गेला की हातात नोटीस पडणार. निदान वाचली असती तर त्यानं वकिलाला विचारलं असतं. शंका असेल तर ती वेगळ्या कागदावर लिहून काम देणाऱ्याला दे. करारात जे आहे ते सगळं, आणि जे नाही ते काहीही नाही.

आता घरी जाऊन पुन्हा बस. इंग्रजी प्रत समोर घे आणि प्रत्येक बंधनापुढं पेन्सिलनं लिही: कुणावर, काय, किती दिवसांत, नाही केलं तर काय. मग ती प्रत मिटून ठेव आणि तेच चार प्रश्न फक्त मराठीवरून सोडव. उत्तरं तूच तपासू नकोस, तुला मूळ पाठ झालंय. शेजारच्या कारखान्यात जाणाऱ्या कुणाला तरी वाचायला दे आणि त्याला विचार, ‘तुला काढलं तर साठ हजार भरायचे का?’ तो ‘नाही’ म्हणेपर्यंत ६.५ पुन्हा लिही.

कंपनीला मी फोन करून आठवडा मागून घेतो. तोपर्यंत हा मसुदा कुणाच्याही सहीसाठी पुढं करायचा नाही.