अजाणता दिलेला होकार

समोरच्याला काय घडते आहे हे ठाऊक नसताना त्याने दिलेला होकार, हा होकार म्हणावा काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु परवा तो माझ्यापुढे आला तो ग्रंथातून नव्हे, शेजारच्या घरातून; आणि आला तो सतरा वर्षांच्या एका मुलीच्या रूपाने.

आमचे गाव पंढरपूरपासून जवळ. या मुलीला बारावीनंतर इंजिनिअरिंगसाठी पुण्याला जायचे होते. पुणे येथून दोनशे किलोमीटर. जवळचे कॉलेज एस.टी.ने पाऊण तासावर. वडिलांचे म्हणणे तीन आठवडे एकच होते: पैसा. मुलगी वहीत खर्चाचा हिशेब मांडी, आबा त्यात भर घालीत. पुढे तिने २०२४ सालचा सरकारी निर्णय दाखवला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना, सरकारी प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. हे घर त्यात बसत होते. उरला वसतिगृहाचा नि खानावळीचा खर्च, आणि तो तर थोरल्या मुलाला सांगलीला ठेवताना आबांनी केलाच होता.

तेव्हा पैशाचा मुद्दा संपला. पण नकार संपला नाही! भीती निराळीच होती आणि ती पैशाच्या आड बसली होती, हे मग उघड झाले. मी आबांना दोष देत नाही. बाप भीतीचे नाव सहसा उच्चारीत नाही. हिशेब मांडणे त्याला सोपे जाते.

अखेर एका संध्याकाळी कंटाळून ते म्हणाले, "यादीत दोन्ही कॉलेजं टाक. क्रम तुला वाटेल तसा लाव. नशिबात असेल ते मिळेल."

ज्यांनी ही प्रवेशप्रक्रिया पाहिली नसेल त्यांना या वाक्यातली गंमत कळणार नाही. उमेदवार कॉलेजांची नावे पसंतीच्या क्रमाने भरतो. संगणक ती यादी वरून खाली वाचीत येतो, आणि जिथपर्यंत त्याचे गुण पोचतात त्यांतले सर्वांत वरचे कॉलेज देतो. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे मिळाले, तर ती जागा आपोआप कायम होते. पुढच्या फेऱ्यांचे दार बंद. या मुलीचे गुण गेल्या वर्षीच्या आकड्यांच्या मानाने पुण्याला सहज पुरत होते. म्हणजे आबा ज्याला नशीब म्हणत होते, तो केवळ वरचा नि खालचा क्रम होता, आणि तो तिच्या हातात होता. तिने गप्प राहायचे, एवढेच!

ती गप्प राहिली नाही. "आबा, यात नशीब नाही. मी पुणे वर लिहिलं तर पुणेच मिळणार. आणि मिळालं की ते बदलता येत नाही." आबांनी वही मिटली आणि दिलेला होकार परत घेतला.

तिची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, "भावजी, पोरगी शहाणी की खुळी?" मला वाटते, कायद्याने पाहू जाता ती गप्प राहिली असती तरी तिने काही चोरले नसते. नियम छापलेले होते, ते आबांनाही वाचता आले असते. शिवाय ज्याच्या हाती सही आहे आणि ज्याने स्वतः तीन आठवडे खरे कारण दडवले, त्याच्याशी बोलताना सगळे पत्ते उघडे टाकण्याचे बंधन दुबळ्या बाजूवरच का? सत्याचे ओझे बलवानाने अधिक उचलावे, असे मी मानतो. तरीही तिची बाजू मला पटते, ती निराळ्या कारणाने. गप्प राहून तिला पुणे मिळाले असते, पण परवानगी मिळाली नसती. कारण आबांनी परवानगी दिली होती ती दैवाला, मुलीला नव्हे. पुण्याहून पहिल्यांदा ती सुट्टीला आली असती, तेव्हा हे दोघांच्या मध्ये बसले असते.

पाच दिवस घरात अबोला होता. फॉर्म भरण्याची मुदत जवळ येत होती. सहाव्या दिवशी आबा बोलले ते पैशाविषयी नाही. "रात्री तू कुठं आहेस हे मला कळणार नाही," एवढेच. असा खरा मुद्दा समोर आल्यावर बोलणे अर्ध्या तासात उरकले. वसतिगृह कॉलेजच्या आवारातलेच हवे, आणि रोज रात्री आठला फोन. मुलीने वसतिगृह लगेच मान्य केले. फोनवर मात्र ती अडली: "दादालाही हीच अट घाला."

"तो मुलगा आहे," आबा म्हणाले.

"काळजी मुलगा-मुलगी बघते का, आबा?"

जगात मुलीला धोका अधिक, हे आबांचे म्हणणे खोटे नव्हे. परंतु जगाच्या दोषाची किंमत दरवेळी तिनेच का भरावी, याचे उत्तर आबांजवळ नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याजवळही नाही.

यादीत पुणे पहिले गेले. फोनची अट राहिली, सहा महिन्यांपुरती. सांगलीच्या मुलालाही आता रात्री आठला घरी फोन करावा लागतो, आणि तो बहिणीवर अजून रागावलेला आहे.