रोजावर की उक्तं?

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी, कुठल्याही नाक्यावर सकाळी पिशवीत थापी-ओळंबा घेऊन मिस्त्री उभे असतात, शेजारी त्यांचे बिगारी. गिऱ्हाईक जवळ आलं की कामाच्या आधी ठरतो तो पैशाचा प्रकार: रोजावर की उक्तं? रोजावरचा माणूस काम लांबवतो आणि उक्त्यावरचा उरकतो, असं घरमालक हमखास सांगतात. दोन्ही अनुभव खरे आहेत. पण त्यांतून मिस्त्रीच्या स्वभावापेक्षा कामाचं स्वरूपच अधिक कळतं.

उदाहरणादाखल मुलुंडच्या एका जुन्या इमारतीतलं न्हाणीघर घेऊ. पाच बाय सात फुटांचं. खालच्या घराच्या छताला ओल आली आहे. जुन्या लाद्या आणि कोबा फोडायचा, नवा विटांच्या तुकड्यांचा कोबा करायचा, पाणी भरून तपासायचं, मग लाद्या बसवायच्या. समजा मिस्त्रीचा रोज 1200 रुपये, बिगारीचा 800. सामान मालकाचं. काम सहा दिवसांचं धरलं तर मजुरी 12,000 होते. उक्त्याचा भाव येतो 16,000. रोजावर 4,000 वाचले, असं कागदावर दिसतं.

आता सोसायटीची नोटीस वाचावी लागते. बऱ्याच सोसायट्या ठोकाठोकीला सकाळी दहा ते सहा एवढीच मुभा देतात आणि दुपारी दोन ते चार शांतता पाळायला लावतात. म्हणजे दिवसाला हाती सहाच तास. आठ तासांच्या हिशोबाने सहा दिवसांचं काम आठ दिवसांवर जातं आणि रोजावरची मजुरीही 16,000 होते. यात मिस्त्रीने एक मिनिटही वाया घालवलेलं नसतं. उक्त्यात हेच वाढीव दिवस त्याच्या खिशातून जातात, म्हणून मुरलेला मिस्त्री भाव सांगण्याआधी वेळेचा नियम विचारतो.

मग सरळ सगळंच उक्तं द्यावं का? अडचण फोडकामात आहे. लादीखाली काय निघेल, हे फोडेपर्यंत दोघांनाही ठाऊक नसतं. या न्हाणीघरात बिडाचा जुना नहाणी ट्रॅप तडकलेला निघाला, असं समजा. प्लंबर वेगळा येईल, पण भोवतालचं काँक्रीट फोडून पुन्हा भरायचं काम मिस्त्रीचं, आणि ते ठरलेल्या भावात नाही. घासाघीस सुरू होते ती न्हाणीघर उखडलेलं आणि घरचे आंघोळीला शेजारी जात असताना. अशा वेळी दुसरा मिस्त्री शोधायची मालकाची तयारी नसते आणि समोरच्याला ते चांगलं कळतं.

बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिल्ग्रोम या अर्थशास्त्रज्ञांनी 1991 साली याच प्रकारचा पेच मांडला होता. एका कामाला अनेक बाजू असतील आणि पैसे मोजता येणाऱ्या बाजूलाच जोडले, तर मेहनत तिकडेच वळते. उक्त्यात मोजली जाते ती झालेली लादी. न दिसणारी बाजू लादीखाली राहते: भिंत आणि जमीन मिळते तिथे मसाल्याची गोलाई नीट मारली का, विटांच्या तुकड्यांमधल्या फटी पूर्ण भरल्या का, पाणी ट्रॅपकडे उतरेल असा उतार आला का. सामानही त्याच्याच अंगावर असेल तर सिमेंट हात राखून वापरलं जातं. मालकाचं असेल तर ते सढळ हाताने उडतं.

न दिसणारं काम तपासता आलं, तर मात्र ते उक्तं देण्यात धोका कमी होतो. कोब्याची परीक्षा सोपी आहे. ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं, पातळीची खूण करायची आणि 48 तास ठेवायचं. खालच्या छतावर नवी ओल आली नाही तरच लाद्या. याच पाण्याने कोबा मुरतोही. लाद्या सुकल्यावर नाण्याने वाजवून पाहतात. बद्द आवाज आला की खाली पोकळी आहे.

म्हणून या घरात काम तोडून दिलेलं बरं. फोडकाम रोजावर: सोसायटीच्या वेळेने दोन दिवस, 4,000. ट्रॅपभोवतीच्या कामाचा एक दिवस, 2,000. आतलं सगळं उघड्यावर आल्यावर कोबा आणि लाद्यांचा भाव उक्ता ठरवायचा, समजा 11,000. एकूण 17,000. आधीच्या 16,000 पेक्षा हजार जास्त, पण त्या 16,000 मध्ये ट्रॅप नव्हता.

उचल किती आणि शेवटचा हप्ता कधी, हे याच वेळी लिहून घ्यावं लागतं. पाण्याची परीक्षा पार पडल्यावर आणि लाद्या वाजवून झाल्यावर द्यायचे म्हणून 3,000 मागे ठेवता येतात. खालच्या छताचा जुना डाग वाळेपर्यंत ते अडकवून ठेवायला मात्र कुठलाही मिस्त्री कबूल होणार नाही. मुरलेली ओल वाळायला कित्येक आठवडे जातात आणि तोवर तो दुसऱ्या कुणाच्या न्हाणीघरात कोबा घालत असतो.