कपाळ, नाक, हनुवटी

गेल्या वर्षी एका परिसंवादात एका ज्येष्ठ समीक्षकांनी कर्णबधिरांच्या खुणांना भाषा म्हणायला साफ नकार दिला. शब्द फोडता येतो, खूण फोडता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘पान’मधल्या ‘प’ला स्वतःचा अर्थ नाही, आणि अशा मूठभर निरर्थक तुकड्यांतून भाषा हजारो शब्द घडवते. खूण मात्र हवेत काढलेलं अखंड चित्र असते, ते पाहिलं की कळतं. सभागृहात बऱ्याच माना डोलल्या. या युक्तिवादाचं उत्तर १९६० पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे आणि तरीही तो टाळ्या घेतो, याचा मला राग येतो.

त्यांनी लावलेली कसोटी मात्र मला पूर्ण मान्य आहे. खुणा निरर्थक तुकड्यांत फुटत नसतील, तर मी माझा आग्रह सोडून देईन.

हीच कसोटी विल्यम स्टोकी यांनी लावली. स्टोकी मुळात मध्ययुगीन इंग्रजी साहित्याचे अभ्यासक. १९५५ मध्ये ते वॉशिंग्टनच्या गॅलोडेट कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले. हे कर्णबधिरांचं महाविद्यालय होतं, आणि तिथल्या शिक्षकांनाही विद्यार्थ्यांच्या खुणा म्हणजे मोडक्यातोडक्या इंग्रजीची सोय वाटत असे. स्टोकी यांनी पाहायला सुरुवात केली ती वेगळ्या प्रश्नाने. या खुणेतली एकच गोष्ट बदलली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर काय होतं? १९६० च्या त्यांच्या छोट्या पुस्तिकेत उत्तर आलं. प्रत्येक खुणेत तीन बाबी असतात: हाताचा आकार, खूण जिथे केली जाते ते स्थान आणि हाताची हालचाल. पुढे १९६५ मध्ये डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनेबर्ग या दोन बधिर सहकाऱ्यांसह त्यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेचा कोश काढला. त्यातल्या नोंदी इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेल्या नाहीत. खुणांच्या याच घटकांसाठी चिन्हं ठरवून त्यांच्या क्रमाने त्या लावल्या आहेत. अखंड चित्रांचा असा कोश कुणाला करता येणार नाही.

आता प्रत्यक्ष खूण पाहू. वाचकांनी हात उचलून करून पाहावी. उजव्या हाताची मूठ करा, तर्जनी सरळ ठेवा आणि तळवा खाली. तर्जनी कपाळाच्या डाव्या बाजूला आणा आणि कपाळावरून उजवीकडे ओढत न्या. ओढताना ती वाकवून तिचा आकडा करा. अमेरिकन सांकेतिक भाषेत याचा अर्थ ‘उन्हाळा’. तीच तर्जनी, तीच ओढ आणि शेवटी तोच आकडा, पण आता नाकाखालून. अर्थ झाला ‘कुरूप’. पुन्हा सगळं तसंच, पण हनुवटीवरून. अर्थ ‘कोरडं’.

तिन्ही खुणांत हाताचा आकार एक आणि हालचालही एक. बदललं ते फक्त स्थान, तेही वितीच्या आत, आणि अर्थांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. उन्हाळ्याची खूण घाम पुसल्यासारखी दिसते, हे मला मान्य आहे. मग हनुवटीवरून काय पुसलं की ‘कोरडं’ होतं? चित्रवाद्यांना पहिल्या खुणेचं स्पष्टीकरण देता येतं, तिसऱ्या खुणेपाशी ते थांबतात.

मराठीतलं जोडीचं उदाहरण पान, तान आणि कान. प ओठांचा, त दातांचा, क कंठाचा. तिन्ही अघोष, तिन्ही अल्पप्राण. फरक फक्त स्थानाचा. आपल्या प्राचीन शिक्षाग्रंथांनी आणि प्रातिशाख्यांनी वर्णांची फोड स्थान, करण आणि प्रयत्न अशीच केली: तोंडात कुठे, कोणत्या अवयवाने आणि कशा रीतीने. स्टोकी यांच्या तीन बाबी याच तीन प्रश्नांची उत्तरं आहेत. कंठ आणि ओठांच्या जागी कपाळ आणि हनुवटी आली, जिभेच्या टोकाच्या जागी वाकलेली तर्जनी आली. ज्या समाजाने वर्ण असा फोडून दाखवला, त्या समाजातल्या विद्वानाला खूण फुटत नाही असं वाटावं, हे मला खुपतं.

उरलेल्या दोन बाबींच्या जोड्या थोडक्यात. आकड्यासारख्या वाकवलेल्या तर्जनीचा सांधा गालावर टेकून पिळला की ‘सफरचंद’. तीच जागा, तोच पीळ, पण तर्जनी सरळ ठेवून टोक टेकवलं की ‘गोळी’, म्हणजे खाऊची. इथे हाताचा आकार बदलला. हालचालीची जोडी अधिक महत्त्वाची आहे. डाव्या हाताची पोकळ मूठ करा, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी टोकाशी जुळवून तिच्या तोंडावर धरा. गोल ढवळलं तर ‘चहा’, वरखाली बुडवलं तर ‘मतदान’.

चहा ढवळतात आणि मत पेटीत टाकतात. चित्र इतकं स्पष्ट असताना इथे तरी चित्रवाद जिंकायला हवा. १९७० च्या दशकात उर्सुला बेलुगी, एडवर्ड क्लिमा आणि पॅट्रिशिया सिपल यांनी बधिर व्यक्तींना खुणांच्या याद्या दाखवून लगेच आठवून लिहायला सांगितल्या. चुका कुठे होतात ते त्यांना पाहायचं होतं. मनात चित्र किंवा अर्थ साठवला जात असता, तर चहाच्या जागी कॉफी किंवा कप यायला हवा होता. चुका झाल्या त्या ‘मतदान’च्या जागी ‘चहा’ अशा. ऐकू येणाऱ्यांना त्याच अर्थांचे इंग्रजी शब्द ऐकवले, तेव्हा त्यांनी ‘व्होट’च्या जागी ‘बोट’ लिहिलं. दोन्ही गटांची चूक एकाच जातीची होती. खूण दिसायला चित्रासारखी असली, तरी स्मरणात ती आकार, स्थान आणि हालचाल अशी सुटी होऊनच राहत होती.

तरी इथवर येऊन मला माझी मांडणी थोडी सैल करावीशी वाटते. घटक पूर्णपणे निरर्थक असतात, हे विधान जसंच्या तसं टिकत नाही. पंजा पसरून अंगठा कपाळाला लावला की ‘वडील’, हनुवटीला लावला की ‘आई’. जोडी निर्दोष आहे. पण आजोबा, काका आणि मुलगा यांच्या खुणाही चेहऱ्याच्या वरच्या भागात होतात, तर आजी, आत्या आणि मुलगी यांच्या खालच्या भागात. म्हणजे नात्यांच्या खुणांत स्थान लिंगभेदाचा अर्थ वाहतं. ‘उन्हाळा’ आणि ‘कोरडं’ यांत तेच कपाळ आणि तीच हनुवटी असा कोणताही अर्थ वाहत नाहीत. एकच घटक कुठे अर्थ धरतो आणि कुठे सोडतो. तोंडी भाषांत हे इतक्या प्रमाणात होत नाही, आणि खुणांची भाषा हुबेहूब तोंडी भाषेसारखी आहे असा दावा आता मी करणार नाही. स्टोकी यांच्या तीन बाबीही अपुऱ्या पडल्या. रॉबिन बॅटिसन यांनी तळव्याची दिशा ही चौथी बाब जोडली, आणि स्कॉट लिडेल व रॉबर्ट जॉन्सन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की हे घटक केवळ एकाच वेळी येत नाहीत, खुणेच्या आत त्यांचा क्रमही असतो.

मुंबईच्या वाचकांसाठी एक खुलासा. या सगळ्या जोड्या अमेरिकन आहेत. भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आहे, तिची बोटांची वर्णमालाही दोन हातांची आहे, त्यामुळे अमेरिकन ‘उन्हाळा’ इथे कुणाला कळेलच असं नाही. पाहिलं की कळतं, हा दावा खोडायला एवढा पुरावाही पुरेसा आहे.

समीक्षकांनी मग शेवटचा बचाव केला, की हे विश्लेषण अभ्यासकांनी खुणांवर बाहेरून लादलं आहे. त्याला उत्तर हॉवर्ड पॉइझनर, क्लिमा आणि बेलुगी यांनी १९८७ च्या ग्रंथात नोंदवलेल्या बधिर रुग्णांचं. मेंदूच्या डाव्या गोलार्धाला इजा झाल्यावर त्यांच्यातल्या काहींच्या खुणा बिघडल्या, आणि त्या बिघाडात योग्य स्थानी चुकीचा आकार येई किंवा योग्य आकाराला चुकीची हालचाल लागे. नुसत्या नकलेने एखादी वस्तू वापरून दाखवणं मात्र शाबूत राहू शकत होतं. हात तेच होते आणि चित्र काढण्याची क्षमताही तिथेच होती. इजेने गेलं ते तुकडे निवडून जुळवण्याचं काम.