उरलेला अर्धा आकडा

जुन्या कागदाची नक्कल करणाऱ्याने किती लिहावे आणि कोठे थांबावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. एका दिवंगत शिक्षकाच्या कागदपत्रांची सूची करताना तो माझ्यापुढे नैतिक प्रश्न होऊन उभा राहिला.

कागद म्हणजे निवृत्तिवेतनासाठी केलेल्या टंकलिखित अर्जाची पोचप्रत. सहीखाली हाताने घातलेली तारीख ११ मार्च १९५३. वरच्या उजव्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा गोल रबरी शिक्का, किंचित कललेला. त्याची खालची कड ‘महाशय’ या शब्दावर चढलेली. परिघावरची अक्षरे विटलेली. मधल्या ओळीत दिवसाचा पहिला आकडा १, दुसरा नाहीच, महिना मार्च, वर्षाचे १९५ स्वच्छ, आणि शेवटच्या आकड्याचा फक्त खालचा अर्धा भाग. आकडे इंग्रजी वळणाचे. त्या वळणाच्या तीनची आणि पाचची खालची वाटी सारखीच, डावीकडे उघडी असते. आठ असता तर ती मिटलेली दिसली असती.

मुदत १९५३च्या मार्चअखेर संपत होती. अर्ज उशिरा आला म्हणून तो नाकारला गेला, ही सल त्या घरात कायम राहिली होती. ‘‘अण्णांनी स्वतः १९५३ लिहिलंय, मग शिक्क्यात तीन लिहायला काय हरकत आहे?’’ त्यांच्या कन्येने विचारले.

हरकत एवढीच की अर्जावरची तारीख अर्ज लिहिल्याची, शिक्क्यावरची तो पोचल्याची. पहिलीवरून दुसरी भरली, तर उद्याचा वाचक म्हणेल की शिक्काही अर्जाला दुजोरा देतो. वस्तुतः तो अर्जाचाच प्रतिध्वनी असेल.

तरी प्रयत्न करणे भागच होते. ही शाई पाण्याने पसरते, त्यामुळे ओला बोळा वर्ज्य. हिरव्या काचेतून पाहिले, कारण तीतून जांभळा रंग काळपट दिसतो. परिघाची अक्षरे लागलीच उठून आली. म्हणजे तेथे शाई होती, ती विटली होती. आकड्याच्या वरच्या जागी मात्र कागद कोराच राहिला. पानाच्या पाठीवर झिरपलेला ठसा आरशात पाहिला, तेथेही पोकळीच. आणि नेमका त्या जागेला लागून टाचणीचा गंज होता. टाचणीच्या उंचवट्यामुळे रबर तेथे टेकलेच नसावे. जे पुसले गेले ते कदाचित परत दिसेल. जे उमटलेच नाही, ते कोणत्या काचेने दिसणार? शिक्क्याची जागा टिपली नसती, तर हा भेद मला कळलाच नसता.

मी सूचीत लिहिले : ‘पृष्ठ १, वर उजवीकडे, ‘महाशय’वर अंशतः आलेला गोल शिक्का, जांभळी शाई, १[.] मार्च १९५[३ किंवा ५], अंत्य आकड्याचा वरचा भाग उमटलेला नाही, लगत टाचणीचा गंज.’ हाताने घातलेली तारीख वेगळ्या नोंदीत ठेवली.

त्या बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग ‘किंवा’वर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘म्हणजे तीनही असू शकतो.’’ मी म्हटले, ‘‘असू शकतो.’’