कंसातलं भाषांतर कोण तपासणार?

इंग्रजी शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत मराठी पुस्तक आलं की त्याची नोंद एका ठरलेल्या क्रमाने होते. मूळ शीर्षक रोमन लिपीत आणि तिरप्या अक्षरांत येतं. लगेच पुढे चौकटी कंसात त्याचं इंग्रजी भाषांतर येतं, पण सरळ अक्षरांत. एपीए आणि शिकागो या दोन्ही पद्धती या बाबतीत एकमताच्या आहेत. कंसातला पहिला शब्द आणि विशेषनामं सोडली तर बाकी शब्द लहान अक्षरांनीच सुरू व्हायचे. नियम सोपा आहे आणि तो पाळणंही अवघड नाही. मला अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी.

निबंधातल्या बाकी सगळ्या मजकुरावर कुणाची तरी नजर असते. परीक्षक युक्तिवादातल्या फटी शोधतात, संपादक वर्ष आणि पृष्ठांक पडताळतात. कंसातले ते चार शब्द मात्र तसेच सुटतात. ज्यांना मराठी येत नाही त्यांना ते तपासता येत नाहीत आणि ज्यांना येतं त्यांना कंसाची गरजच नसल्यामुळे ते तो न वाचता पुढे जातात. सगळ्या निबंधात एवढीच जागा अशी, जिथे माझ्या शब्दाला माझ्याशिवाय साक्षीदार नाही. तिथे मी कसा वागतो, हे मला अधूनमधून स्वतःलाच विचारावं लागतं.

लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ घ्या. आत्मकथन 1987 सालचं, साहित्य अकादमीचा पुरस्कार 1988 चा. उचल्या म्हणजे लोकांच्या वस्तू उचलून नेणारा, भुरटा चोर. आणि तेच एका जमातीचंही नाव. इंग्रज सरकारने 1871 च्या कायद्याने ज्यांना जन्मापासूनच गुन्हेगार धरायला सुरुवात केली, त्यांच्यासारख्यांच्या वाट्याला आलेलं जिणं या पुस्तकात आहे. अकादमीने काढलेल्या इंग्रजी भाषांतराचं नाव आहे ‘द ब्रॅन्डेड’, म्हणजे डागलेले, शिक्का बसलेले.

आता कंसात काय घालू? विषय गुन्हेगार जमाती कायद्याचा असेल तर ‘ब्रॅन्डेड’कडे हात आपोआप जातो. त्या एका शब्दात डाग देणारं सरकार दिसतं, आणि मला जे सिद्ध करायचं आहे ते संदर्भसूचीतच निम्मं सिद्ध झाल्यासारखं वाटतं. आत्मकथनांच्या रोखठोकपणावर लिहीत असेन तर मला ‘पिल्फरर’ हवासा वाटतो. त्यात लेखकाने जगाची शिवी स्वतःच्या मुखपृष्ठावर घेतलेली दिसते. पुस्तक एकच आणि कंस दोन, तेही माझ्या गरजेप्रमाणे बदलणारे. दोन्हींचं समर्थन करता येतं, म्हणून तर मोह जास्त.

इथे मला पृष्ठांक सोडवतात. मी मराठी आवृत्ती वाचली असेल आणि पृष्ठांक तिचेच देत असेन, तर कंसात मराठी शीर्षक जे म्हणतं तेवढंच यायला हवं. छापील भाषांतराचं नाव दिलं की वाचकाला पुस्तक सापडतं, हा मुद्दा खोटा नाही. पण तो वाचक ‘द ब्रॅन्डेड’ उघडून माझ्या पृष्ठांकावर गेला तर तिथे भलताच प्रसंग निघेल. म्हणून भाषांतर वापरलं असेल तर त्याची नोंद भाषांतरकाराच्या नावासकट स्वतंत्र करायची. शिवाय ‘ब्रॅन्डेड’ ही भाषांतरकाराची निवड आहे. तिच्यात विचार आहे, पण मूळ लेखकाने पुस्तकाला नाव देताना शिक्का मारणाऱ्याकडे बोट दाखवलेलं नाही. जमातीचं नाव ‘पिल्फरर’मध्येही हरवतंच. ते निबंधात पुस्तकाचा पहिला उल्लेख येतो तिथे एका वाक्यात सांगावं लागतं, कारण कंसात खुलासे मावत नाहीत.

दुसरा मोह आपल्याला मराठी येतं या खात्रीचा. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध 1882 साली पुण्यात छापला गेला. सुरतेतल्या विजयालक्ष्मी या विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला, त्यावरून वर्तमानपत्रांतून बायकांच्या जातीवर चिखलफेक झाली. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाईंनी लेखणी उचलली. शीर्षकाच्या लांबलचक पुढच्या भागात स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण, असा सवाल आहे. आजच्या मराठीत साहसी म्हणजे धाडसी, गड चढणारा. त्या अर्थाने कंस भरला तर ताराबाई शौर्याची स्पर्धा लावतायत असं इंग्रजी वाचकाला वाटेल. पण त्या काळी साहस या शब्दात बेमुर्वत दुष्कृत्याचा अर्थ जिवंत होता. रोझलिंड ओ’हॅनलन यांनी इंग्रजी भाषांतरात दुष्ट आणि अनीतिमान कोण, अशा अर्थाने तो प्रश्न मांडला आहे. निबंध वाचला की शंका उरत नाही, कारण ताराबाई पुरुषांच्या दुर्गुणांचा पाढा वाचतात, पराक्रमांचा नाही. म्हणजे कंस भरण्याआधी मी पुस्तक वाचलंय का, की नुसतं शीर्षक वाचलंय? हा प्रश्न मला टोचतो, कारण संदर्भसूचीतली काही नावं दुसऱ्यांच्या सूचीतून आलेली असतात हे प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक असतं.

त्याच शीर्षकात क्रमाचीही एक बारीक परीक्षा आहे. ताराबाईंनी स्त्री आधी लिहिली. इंग्रजीच्या सवयीने बोटं ‘मेन अँड विमेन’ टाइप करून मोकळी होतात आणि कंसात पुरुष पुन्हा पहिल्या जागी जाऊन बसतो.

सरळ अक्षरांचा नियम मला पूर्वी नुसती टापटीप वाटायचा. आता त्यातलं इमान कळतं. तिरपी अक्षरं सांगतात, या नावाचं पुस्तक जगात आहे. सरळ अक्षरं सांगतात, ही केवळ माझी मदत आहे. कंसातलं भाषांतर तिरपं झालं किंवा मूळ नाव गळून तेवढंच उरलं, की न लिहिलेलं इंग्रजी पुस्तक जन्माला येतं. पुढचा अभ्यासक तीच नोंद उचलतो आणि ग्रंथालयात ते पुस्तक मागत बसतो. अशी नोंद ओळखता येते: शीर्षक अस्सल इंग्रजी, प्रकाशक पुण्यातला, साल एकोणिसाव्या शतकातलं आणि भाषांतरकाराचा पत्ता नाही. शिकागो पद्धत म्हणूनच बजावते की नुसतं भाषांतरित शीर्षक द्यायचं झालं तर मूळ भाषा कोणती ते सांगा.

या सगळ्याखाली आणखी एक प्रश्न आहे आणि तो मला टाळता येत नाही. मराठीत लिहिताना मी इंग्रजी पुस्तकांच्या नावांपुढे मराठी भाषांतराचा कंस टाकत नाही. वाचकाला इंग्रजी येतंच असं मी धरून चालतो. उलट दिशेने मात्र हा कंस अनिवार्य मानतो. मग तो वाचकाची सोय म्हणून घालतो, की मराठी पुस्तक उद्धृत केल्याबद्दलची दिलगिरी म्हणून? कंस भपकेदार व्हायला लागला, मूळ शीर्षकापेक्षा भारदस्त दिसायला लागला, की समजावं दुसरं कारण काम करतंय.

मी आता कंस सगळ्यात शेवटी भरतो आणि भरताना माझ्या निष्कर्षांच्या विरोधात असलेला मराठी जाणकार समोर धरतो. त्याला माझा युक्तिवाद पटायची गरज नाही, पण हे चार शब्द त्याच्याकडून बिनतक्रार सुटले पाहिजेत. दया पवारांच्या ‘बलुतं’शी मात्र अजून झटापट चालू आहे. गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा, त्यातला हक्क आणि त्यातली लाचारी हे सगळं घेऊन येणारा इंग्रजी शब्द मला मिळालेला नाही. 2015 च्या इंग्रजी अनुवादाच्या मुखपृष्ठावरही ‘बलुतं’च आहे. तिथे मी कंसात धान्याचा वाटा एवढंच सपाट इंग्रजीत लिहितो आणि ते अपुरं आहे हे टिपेत सांगतो. अपुरा कंस मला चालतो. माझ्या बाजूने झुकलेला नाही.